उलटा तीन आणि हरवलेला हकार: वहीत काय बघायचं, पैसे कुठे घालायचे

पहिलीची सहामाही संपली की बऱ्याच घरांत एक शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो: डिस्लेक्सिया. मुलानं ३ उलटा काढलेला असतो, 'घर'चं 'धर' केलेलं असतं, इंग्रजी बी आणि डी यांची अदलाबदल झालेली असते. २००७ साली 'तारे ज़मीन पर' आला आणि या विकाराचं नाव घरोघरी पोहोचलं, हे फार चांगलं झालं. मात्र त्याबरोबर उलटं अक्षर म्हणजेच विकार अशी एक समजूतही पक्की झाली, आणि आता तिची किंमत पालक रोख मोजतात. आठवड्याला २ सत्रं, प्रत्येकी ८०० रुपये, असे ३ महिने काढले की २४ सत्रांचे १९,२०० रुपये होतात. सहा वर्षांच्या मुलाचा उलटा ३ तेवढ्या काळात पुष्कळदा एरवीही सरळ होतो. श्रेय मात्र सत्रांना मिळतं.

मला यातली दुसरी बाजू जास्त सलते. ज्या मुलाला खरोखर मदत हवी असते, त्याच्या वहीत पुष्कळदा एकही उलटं अक्षर नसतं. अक्षर वळणदार, ओळी सरळ, म्हणून कुणी थांबून बघत नाही. तेव्हा पैसे कुणावर, कधी आणि कोणत्या क्रमानं खर्च करायचे हे ठरवायला आधी वही वाचता यायला हवी.

मेंदू उलट-सुलट का मानत नाही

चहाच्या कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच. लहान मूल जन्मापासून हेच शिकत आलेलं असतं: वस्तूची दिशा बदलली तरी वस्तू बदलत नाही. अक्षरांच्या जगात शिरल्यावर मात्र त्याला अचानक सांगितलं जातं, की वेटोळं डाव्या बाजूला असेल तर ते एक अक्षर आणि उजव्या बाजूला असेल तर दुसरं. वाचन आणि मेंदूचा अभ्यास करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी हे नीट मांडलं आहे. डावं-उजवं सारखंच मानायची मेंदूची जुनी, उपयोगी सवय मुलाला फक्त अक्षरांपुरती मोडावी लागते. तिला वेळ लागतो. पाच-सहा वर्षांची मुलं आरशातल्यासारखं लिहितात, अधूनमधून स्वतःचं नावसुद्धा, आणि सात वर्षांच्या आसपास ते हळूहळू मावळतं. दुसरी संपेपर्यंत एखादा आकडा उलटा पडला तर तेवढ्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये.

उलट्या अक्षरांचा धसका शंभर वर्षं जुना आहे. अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये वाचनाच्या अडचणींचा संबंध उलट्या अक्षरांशी जोडला होता. पुढच्या संशोधनानं तो मागे टाकला. वाचनात अडकणाऱ्या मुलांची मुख्य अडचण डोळ्यांनी आकार ओळखण्यात नसते. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज पकडणं आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणं त्यांना जड जातं. पुढचं सगळं विवेचन या एका गोष्टीवर उभं आहे.

मराठीत अक्षर उलटत नाही, तपशील गळतो

इंग्रजी बी-डी किंवा पी-क्यू यांसारख्या आरशातल्या जोड्या आपल्या वर्णमालेत जवळपास नाहीतच. बहुतेक अक्षरांची दांडी उजवीकडे असते आणि वर शिरोरेषा असते, त्यामुळे अक्षराला मुळातच तोंड कुठे आणि पाठ कुठे हे असतं. म्हणून मराठी वहीतली गडबड निराळ्या जातीची असते. तिथे एखादी बारीक खूण सुटते.

'व'च्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब' होतो, 'प'च्या पोटात दिली की 'ष'. रेघ राहिली की बदकाचं वदक होतं. 'थ' आणि 'य', 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या तिन्ही जोड्यांत फरक दोन ठिकाणी असतो: डावीकडची छोटी गाठ किंवा वळण, आणि वरची मोकळी शिरोरेषा. 'ध', 'भ' आणि 'थ' यांच्या डोक्यावर डाव्या बाजूला रेषा तुटलेली असते, 'घ', 'म' आणि 'य' यांच्यावर ती अखंड असते. आता मूल शब्द कसा लिहितं ते शेजारी बसून पाहा. पुष्कळ मुलं आधी सगळी अक्षरं काढतात आणि शेवटी पट्टी फिरवावी तशी एकच लांब शिरोरेषा ओढतात. त्या एका फटक्यात 'ध'ची मोकळी जागा बुजते आणि 'धन'चं 'घन' होतं. मुलानं मनात 'ध'च लिहिला होता. चूक झाली ती रेषा ओढण्याच्या सवयीत, आणि ती सवय कुणीतरी शिकवलेली असते.

'ड' आणि 'ङ', 'ट' आणि 'ढ', 'र' आणि 'स' यांचंही असंच. 'ख' सैल लिहिला गेला तर 'रव' वाचला जातो. शिवाय 'ल' आणि 'श' यांची दोन-दोन रूपं मुलासमोर येतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. पण हिंदीच्या पुस्तकात, मोबाइलवर, दुकानाच्या पाटीवर दांडीचा 'ल' दिसतो. मूल दोन्ही मिसळून लिहितं. हा घोळ आपणच त्याच्यापुढे वाढून ठेवलेला आहे.

खरी डावी-उजवी अडचण मराठीत वेलांटीची आहे. 'कि' म्हणताना आधी क्‌ चा आवाज येतो, मग इ. लिहिताना मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आवाजाच्या आधी बसते. पहिली-दुसरीतलं मूल ती उजवीकडे देऊन बसतं, हे ऐकलेल्या क्रमाशी प्रामाणिक राहूनच. मोठ्या मुलानं 'पाणी'चं 'पाणि' केलं तर ती ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. ती आपल्यातले अनेक मोठे लोकही करतात, आणि तिचा या विषयाशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून बाहेर ठेवा. विदर्भात, खानदेशात किंवा अन्य कुठे घरात 'पानी' म्हणत असतील, तर मूल 'पानी'च लिहिणार. 'ळ'च्या जागी 'ल' येणं, 'ण'च्या जागी 'न' येणं हे घरच्या बोलीचं लेखन आहे. मुलाच्या कानानं आणि हातानं आपापलं काम चोख केलेलं आहे.

आकड्यांत दोन वेगळे प्रश्न मिसळतात

सुटा आकडा उलटा पडणं हा एक प्रश्न. मराठी ३ आणि ६ हे एकमेकांच्या आरशातल्या रूपांच्या जवळ जातात. म्हणजे उलटा काढलेला ३ हा बघणाऱ्याला चक्क ६ वाटतो. १ आणि ९ यांत वळण तेवढं वेगळं. त्यातच सेमी-इंग्रजीचं मूल दोन प्रकारचे अंक एकाच वेळी शिकतं. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. अशा मुलाची गणिताची वही तपासताना आधी त्यालाच विचारा, 'हा कोणता?' त्यानं बरोबर सांगितलं तर लिपी बदलली होती, समज पक्की आहे.

दुसरा प्रश्न दोन अंकी संख्येचा. मूल पंचवीस ऐकतं आणि ५२ लिहितं. आपण बोलतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस नंतर. मुलानं ऐकलं त्याच क्रमानं आकडे मांडले. एकोणतीसला तर तीस ऐकू येतं, पण लिहायचा असतो दोन. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची जोड दिली ती याच अडचणीवर, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी आहे.

ती फक्त नावाची आहे की संख्येच्या समजेची, हे घरीच कळतं. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा आणि 'पंचवीस काड्या दे' म्हणा. मुलानं दोन गठ्ठे आणि पाच सुट्या दिल्या, आणि मग ते बघून २५ लिहिलं, तर काळजी सोडा. तिसरीत गेलेलं मूल मात्र २५ आणि ५२ यांतला मोठा कोणता हे काड्या समोर असूनही सांगू शकत नसेल, सात-आठ वस्तूंसाठीही दर वेळी पहिल्यापासून मोजत असेल, तर ते गणितासाठी वेगळं तपासून घ्यावं.

दोन वह्या, सात-सात चुका

समजा, दुसरीच्या दोन मुलांना वर्षअखेरीस हे दहा शब्द सांगून लिहायला दिले: घर, भात, बदक, थाळी, मगर, खडू, पाटी, धागा, मध, विळी.

पहिल्या मुलीनं लिहिलं: धर, मात, वदक, याळी, मगर, खडू, पाटी, घागा, मघ, वीळी. दुसऱ्या मुलानं लिहिलं: गर, बात, बदक, ताळी, मरग, कडू, पटी, धागा, मद, विळी.

दोघांच्याही सात चुका. पहिलीची वही पाहून आई हबकते. दुसऱ्याच्या वहीवर शेरा पडतो, 'लक्ष देऊन लिहिणे'. आता चुका एकेक करून वाचू. पहिलीच्या सातही चुका दिसण्यातल्या आहेत: गाठ, रेघ, शिरोरेषा, वेलांटीची बाजू. 'घ' आणि 'ध' यांचे उच्चार एकमेकांच्या शेजारचे नाहीत, म्हणजे तिचा कान चुकलेला नाही. तिला तिचंच पान वाचायला सांगितलं तर ती 'घर, भात, बदक' असं वाचते, आणि मध्येच 'अरे, याला रेघ राहिली' म्हणून दुरुस्त करते. ही दुरुस्ती सगळ्यात मोलाची खूण. अक्षर आणि आवाज यांची गाठ डोक्यात बसलेली आहे, हाताला अजून वेळ हवा आहे.

दुसऱ्याच्या एकाही चुकीत जुळ्या दिसणाऱ्या अक्षरांचा घोळ नाही. 'घ' आणि 'ग' दिसायला अजिबात सारखे नाहीत. आवाजाला मात्र ते शेजारी आहेत. फरक फक्त हकाराचा. घ-ग, भ-ब, थ-त, ख-क, ध-द, पाच ठिकाणी हकार गेला. 'पाटी'तला काना गेला आणि 'मगर'मध्ये आवाजांचा क्रम हलला. 'धागा' बरोबर आला, 'मध' चुकला, म्हणजे ज्ञान आहे पण पक्कं नाही. शब्दाचे तुकडे कानानं वेगळे करताना हा मुलगा अडतो आहे. पान वाचायला दिलं तर 'गर' असंच वाचतो आणि पुढे जातो. काही खटकत नाही.

इथे थोडं सावध राहायला हवं. शब्दाच्या शेवटचा हकार आपण सगळेच बोलताना सैल सोडतो. 'दूध' पुष्कळदा 'दूद'च ऐकू येतं. म्हणून 'मद' ही चूक मी मोजणार नाही. सुरुवातीचा हकार जाणं महत्त्वाचं. आणि हकार कानापर्यंत पोहोचतो आहे ना, हे आधी बघायचं. सारखी सर्दी, कानात साचलेलं पाणी, कान फुटणं यांनीही असंच चित्र दिसतं.

मग घरीच, तोंडापुढे कागद धरून, म्हणजे ओठ दिसू न देता, विचारायचं: 'घर आणि गर, एकच शब्द का वेगवेगळे?' 'भातमधला पहिला आवाज कोणता?' 'मगरमधून म काढला तर काय उरलं?' शेवटी अर्थ नसलेले शब्द वाचायला द्यायचे, 'मुफा', 'खाबी', 'धलू' असे. पाठ केलेले शब्द मुलं चित्रासारखी ओळखतात, त्यामुळे धडा घडाघडा म्हणणारं मूलही इथे अडखळतं. दुसरीच्या अखेरीला मूल या सगळ्यांत अडत असेल, एकेक अक्षर सुटं म्हणत वाचत असेल आणि शेवटी शब्द जुळत नसेल, तर वय आणखी वाढण्याची वाट पाहू नका. बोलायला उशिरा लागलेलं मूल असेल किंवा आई-वडील, मामा, काका यांपैकी कुणाला लहानपणी वाचन जड गेलं असेल, तर पहिलीतच लक्ष ठेवावं.

पहिल्या मुलीबद्दलही मर्यादा आहे. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, नियमित शाळा आणि सराव असताना, हाच घोळ तेवढाच राहिला आणि तिला स्वतःला तो दिसत नसेल, तर तिचीही तपासणी व्हावी. मात्र वर्षं जन्मापासून मोजताना लिपीशी ओळख कधी झाली तेही मोजा. अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत आठव्या वर्षी देवनागरी शिकणारं मूल 'ध' आणि 'घ' यांत गोंधळणारच. आणि आधी नीट लिहिणारं मूल एकाएकी लिहायचं विसरू लागलं, हात लटपटू लागला किंवा डोकेदुखी-उलट्या सुरू झाल्या, तर या लेखातलं काहीही करत न बसता बालरोगतज्ज्ञाकडे जावं.

पहिले दोन महिने: सरावाचा खर्च दोनशे रुपयांच्या आत

जोडीतली दोन अक्षरं एकत्र शिकवणं ही सगळ्यात सर्रास चूक. 'हा घ आणि हा ध, बघ किती वेगळे' असं शेजारी मांडलं की मूल दोघांना कायमचं एकत्र बांधून टाकतं. एकच अक्षर घ्या. पाटीवर हातभर मोठं, ताटातल्या रांगोळीत बोटानं, आवाज मोठ्यानं म्हणत, आणि दर वेळी एकाच जागेपासून सुरुवात करून. 'घ' झोपेतही चुकणार नाही इतका पक्का झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, 'ध' काढा. 'ध', 'भ', 'थ' असलेल्या शब्दांत शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी द्या. एकच लांब रेषा काही दिवस बंद. रोज दहा मिनिटं पुरेत. तेच उलटं अक्षर पन्नास वेळा लिहून घेऊ नका, कारण दहाव्या वेळेपासून मूल न बघता लिहितं आणि चूकच घोटली जाते.

दर पंधरा दिवसांनी हेच दहा शब्द सांगून लिहून घ्या आणि तारीख घालून कागद ठेवा. दुरुस्त करू नका, लाल पेन लावू नका. दोन महिन्यांचे हे चार-पाच कागद पुढे कुणाकडेही गेलात तरी कामाला येतात. चुका सातावरून तीनवर आल्या असतील तर तुमचा खर्च इथेच संपला.

याच काळात डोळे आणि कान तपासून घ्या. खाजगीत डोळ्यांची तपासणी साधारण ३०० ते ८०० रुपये आणि कानाची ऐकण्याची चाचणी ५०० ते १,००० रुपये. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. ते मोफत आहे. मुख्याध्यापकांना पथकाची तारीख विचारा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही फी नसते. खाजगी शाळेतल्या पालकांना त्यांचा पत्ताच नसतो.

तपासणीला जायचं ठरलं तर

इथून पुढचे आकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतले, ढोबळ. खाजगी मानसशास्त्रज्ञाकडे पूर्ण तपासणी साधारण ५,००० ते १५,००० रुपयांत होते. पूर्ण म्हणजे मुलाचा आणि घराचा इतिहास, बुद्धिमापन चाचणी, आणि वाचन, लेखन, गणित यांच्या शैक्षणिक चाचण्या. दोन-तीन बैठका लागतात आणि शेवटी लेखी अहवाल मिळतो. पाऊण तासात 'डिस्लेक्सिया आहे' असं तोंडी सांगून सत्रांचं पॅकेज पुढे ठेवणारी जागा सोडून द्या. भाषा सगळ्यात महत्त्वाची. मराठी माध्यमातल्या मुलाची फक्त इंग्रजी चाचणी घेतली तर ती त्याचं इंग्रजी मोजते. मराठीत चाचण्या आहेत: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये आणलेलं 'डाली' हे साधन मराठीतही आहे, आणि त्यात पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनी भरायची वेगळी प्राथमिक चाळणीही आहे.

सार्वजनिक रुग्णालयात हेच काम केसपेपर आणि किरकोळ शुल्कात होतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र विभाग बरीच वर्षं काम करतो. तिथली किंमत वेळेची: अनेक फेऱ्या, तारखांची वाट, पालकांची बुडालेली रोजी. तरीही पुढे प्रमाणपत्र लागणारच असेल तर सुरुवात तिथूनच करणं शहाणपणाचं, कारण खाजगी अहवालाला सवलतींसाठी सरकारी वैद्यकीय मंडळाची मान्यता लागतेच आणि चाचण्यांचे पैसे दोनदा जाऊ शकतात.

प्रमाणपत्राबाबत वयाचा नियम लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेनं तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक चाळणी करायची. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच. आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी कुणी 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर त्या कागदाचा उपयोग नाही. मदत मात्र आठव्या वर्षापर्यंत लांबवायची नसते. दुसऱ्या वहीतल्या मुलासोबत आवाज वेगळे करण्याचं आणि जोडण्याचं काम आजपासून सुरू करता येतं, प्रमाणपत्र असो वा नसो.

उपचारात्मक अध्यापनाचं एक सत्र साधारण ५०० ते १,२०० रुपयांना पडतं. ते वर्ष-दोन वर्षं चालतं, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे पैसे भरू नका. तीन महिन्यांनी तेच दहा शब्द आणि तसेच नवे निरर्थक शब्द घेऊन फरक मोजायचा, असं ठरवून घ्या. सत्रात मूल आवाज आणि अक्षर यांवर काम करतं का, की नुसता शाळेचा गृहपाठ पूर्ण करतं, हे विचारा. पेन्सिल धरताच येत नसेल, बटणं लावणं, डबा उघडणं यांतही हात अडत असेल, तरच व्यवसायोपचार तज्ज्ञाची गरज. निव्वळ उलट्या अक्षरासाठी ती नसते.

काही गोष्टींवर एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रंगीत काचांचे चष्मे आणि वाचन सुधारण्यासाठीचे डोळ्यांचे व्यायाम यांना आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सांगितलं आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि अक्षमता सांगणारी तपासणी, 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', स्मरणशक्तीची औषधं हे सगळं त्याच रांगेत. सुंदर हस्ताक्षराचा वर्ग वाईट नाही, पण दुसऱ्या वहीतल्या मुलाचं अक्षर आधीच सुंदर आहे.

फोन कराल तेव्हा चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. विशेष शिक्षकांनाही तो असतो. चाचण्या कोणत्या आणि त्यांतल्या मराठीत किती. बैठका किती, आणि सांगितलेल्या रकमेत लेखी अहवाल धरला आहे का. आणि या अहवालावर सरकारी रुग्णालय पुढे काम करतं, की तिथे पुन्हा सगळं नव्यानं द्यावं लागतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या सरकारी रुग्णालयाकडूनही घ्या, आणि ते पैसे भरण्याच्या आधी.